रुपरावांचा नंबर आणि तीन दिवसांचे तेवीस दिवस

देवाला नामाची ओढ असते, भक्ताला देवाची ओढ असते, आणि नागपूरच्या इतवारीतल्या रुपराव भांडीवाल्यांना ओढ होती ती एका दहा आकडी नंबराची. ऐकणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल. मलाही प्रथम वाटले होते. पण त्यांच्या वखारीत पाऊल टाकले आणि माझे हसू ओठांतच राहिले. अकराशे ताटे, तेवढ्याच वाट्या, तीनशे तांबे, वरणभाताचे चाळीस मोठाले गंज, बारा कढया. आणि यातल्या प्रत्येक भांड्याच्या काठावर नाव नाही, गाव नाही, कोरलेले आहेत फक्त ते दहा आकडे. लग्न उरकले, मांडव उतरला आणि एखादी वाटी कोणाच्या घरी चुकून गेली, तर तिने स्वतःच आपला पत्ता सांगावा, म्हणून ही योजना. नवा नंबर घ्यायचा म्हणजे अडीच हजारांवर भांडी पुन्हा कोरायची. जुने खोडायचे, नवे लिहायचे! तांब्यापितळेच्या अंगावर असा छळ करण्यास रुपरावांचे मन धजेना.

हा गृहस्थ भाड्याने भांडी देई. परंतु वर्षातून एक फेरी भाड्याची नव्हे, भावाची असे. पारशिवनीजवळच्या एका खेड्यात कापसाची पहिली वेचणी झाली की सप्ताह बसतो आणि काल्याला दोन हजार माणूस जेवते. त्या पंगतीची भांडी रुपरावांच्या वडिलांनी नवसाने देऊ केली, आणि त्या सेवेला आता बेचाळीस वर्षे झाली. घराकडून एकदाही खंड नाही. मात्र त्या सेवेचा एक नियम होता. एका वर्षी वडील न विचारता गाडी भरून गेले, तर गावात सुतक पडलेले, सप्ताहच रद्द. भरली गाडी तशीच परत फिरवताना म्हाताऱ्याने ठरवले, गावाचा शब्द आल्यावाचून भांडे उंबऱ्याबाहेर काढायचे नाही. शब्द आला की मग रात्र नाही, दिवस नाही. वेचणी कधी आटोपेल हे शेत ठरवते, म्हणून काल्याची तिथी दरवर्षी निराळी. ती ठरली की त्या गावचे धोंडबा रुपरावांना फोन करीत. कार्तिकाच्या मध्यावर कधीही तो फोन येई, आणि तो उचलणे हाच रुपरावांचा वर्षातला सर्वात मोठा पुरुषार्थ होता.

संकट एवढेच की वखारीत फोनला धड रेंज नव्हती. चिंचोळी गल्ली, चारही बाजूंनी तीनमजली दुकाने, आत पत्र्याचे छत आणि भांड्यांचे डोंगर! फोन वाजला की रुपराव दारातल्या पालथ्या गंजावर चढत, एक हात वर करत आणि अर्धे बोलणे आकाशाला, अर्धे माणसाला ऐकवत. गल्लीतले हमाल म्हणत, "पाहा गा, सेठ सूर्याले अर्घ्य देऊन राहिले."

शेवटी त्यांच्या पत्नी गोपिकाबाईंनी निर्वाणीचे सांगितले. "गंजावरून पडान तर फोन कोन उचलन? त्या दुसऱ्या कंपनीची रेंज माह्या फोनले इथं मस्त येते. कंपनी बदला, नंबर तोच राहते म्हणतात."

नंबर तोच राहतो! हे वाक्य रुपरावांच्या कानी पडले आणि त्यांना आत्म्याची आठवण झाली. देह बदलतो, आत्मा तोच. ते त्याच मंगळवारी गांधीबागेत शामलाच्या मोबाइलच्या दुकानी गेले.

शामला तीस-बत्तीस वर्षांची, बोलण्यात तिखट, हिशेबात चोख. तिने सांगितले, "काका, तुमच्या फोनवरून मेसेज टाका. पोर्ट लिहा, जागा सोडा, नंबर लिहा आणि एकोणीसशेवर पाठवा. आठ अक्षरांचा कोड येईल. तो कोड, आधार कार्ड आणि तुमचा चेहरा, तिन्ही घेऊन माह्याकडं या. नवं सिम देते. मग तीन कामाचे दिवस, बस्स."

"आजच देऊन टाक ना वं."

"आधार आणलं?"

नव्हते आणले. तरी मेसेज तेवढा तिथेच गेला, आणि पाहता पाहता कोड आला. शामलाने बजावले, "कोडाले चार दिवसांची मुदत हाय, काका. आजचा दिवस सोडा. शनिवारी रात्री बारापर्यंत चालते. त्यानंतर तो मेला."

चार दिवस पुष्कळ झाले, असे रुपरावांना वाटले. त्यांनी घरी येऊन तो कोड लाल शाईने कागदावर उतरवला, कागदाला हळदकुंकू लावले, देवापुढे ठेवला आणि पंचांग उघडले.

आता सांगा, बेचाळीस वर्षांची सेवा ज्या नंबरावर उभी, तो नंबर कोणत्याही वारी, कोणत्याही घटकेला कसा बदलावा? बुधवारी भद्रा निघाली. गुरुवारी दिवस चांगला, पण वेळ राहुकाळाची. आणि राहुकाळ टळला तोवर शामलाचे दुकान जेवणासाठी बंद. शुक्रवारी नवमी, रिक्ता तिथी. शनिवारी एकादशी आणि वर शनिवार! उपवासाच्या दिवशी कंपनी बदलणे हे रुपरावांना देवळात चप्पल घालून जाण्यासारखे वाटले. उरला रविवार. रविवारी तुळशीचे लग्न! साक्षात विष्णू आपला घरसंसार मांडतो त्या दिवशी आपणही नवे सिम घ्यावे, याहून मोठा मुहूर्त त्रिभुवनात कोणता?

रविवारी ते नवी टोपी घालून दुकानात गेले. शामलाने डोक्याला हात लावला.

"काका, कोड काल रात्रीच गेला की."

"म्हंजे? नंबर तर तोच हाय."

"नंबर तोच हाय, कोडाची मुदत संपली. पाठवा पुन्हा मेसेज."

पुन्हा मेसेज गेला, पुन्हा कोड आला. त्या दिवशी दुकानात ही गर्दी! कोणाला रिचार्ज, कोणाला काच बदलायची, कोणाचा नवराच हरवला होता आणि फोनवरून शोधायचा होता. शामला एका हाताने रुपरावांच्या चेहऱ्याचा फोटो काढत होती, दुसऱ्या हाताने कोणाला चार्जर देत होती. "काका, कोड सांगा," ती म्हणाली. आणि आमच्या रुपरावांनी भक्तिभावाने खिशातून तो हळदकुंकवाचा कागद काढून तिच्यापुढे धरला.

जुना कोड! पण कोडासारखा कोड. तितकीच अक्षरे, तोच घाट, पहिली दोन अक्षरेही तीच. शामलाने पाहून टिपला. रुपरावांच्या मनात कपट नव्हते. नंबर एक, माणूस एक, मग कोड दोन कसे असतील? शिवाय एक कोड फोनात नुसता पडलेला, दुसरा पाच दिवस देवापुढे बसलेला. दोहोंत श्रेष्ठ कोणता, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

"दुसरा एखादा नंबर द्या, काका. काही अडलं तर कंपनी त्यावर कळवते."

"तोच लिही. माह्याकडं एकच हाय."

"काकूंचा?"

"नंबर माहा बदलून राहिला, तिचा काहून देऊ?"

शामलाने तोच लिहिला. मग नव्या सिमची चिमुकली थैली त्यांच्या हाती ठेवून तिने सावकाश, एकेक शब्द तोडून सांगितले, "आता ऐका. जुनं सिम फोनातच ठेवा. सोमवार, मंगळवार, गुरुवार, असे तीन दिवस धरा. बुधवारी पौर्णिमेची सुट्टी, ती मोजत नाही. जुन्या सिमची रेंज आपोआप जाईल. दोन-चार घंटे काहीच लागणार नाही, घाबरायचं नाही. मग नवं घाला."

एवढे तिने सांगितले आणि रुपरावांनी यातले शेवटचे दोनच शब्द घरी नेले.

त्या सायंकाळी तुळशीचे लग्न लागले. मंगलाष्टके झाली. रुपरावांनी नवे सिम फोनात घातले आणि जुन्याकडे पाहिले. अकरा वर्षे त्या नखाएवढ्या तुकड्याने सेवा केली होती. नवा टाक देव्हाऱ्यात आला की झिजलेला टाक पाण्यात सोडायचा, केरात टाकायचा नाही, ही रीत त्यांना ठाऊक. त्यांनी जुने सिम फुलात ठेवले, वर अक्षता वाहिल्या आणि गांधीसागर तळ्याच्या काठी जाऊन हात जोडून विसर्जन केले.

गोपिकाबाईंनी विचारले, "कुठं गेलता?"

"पोचवून आलो."

"कोणाले?"

त्यांनी सांगितले. गोपिकाबाई पाटावर बसल्या. "आणि त्याच्यात लोकायचे नंबर होते ना? धोंडबाभाऊचा?"

रुपरावांचा चेहरा उतरला. साध्या बटनांचा तो फोन; नावे-नंबर सगळे सिममध्येच. धोंडबांचा नंबर त्यांनी कधी पाठ केला नव्हता, कागदावर उतरवला नव्हता. देव आपल्याला हाक मारतो. आपण देवाचा नंबर कशाला लिहून ठेवू? पण आता धोंडबा हाक मारतील ती पोचेल कुठे? नव्या सिमवर रेंजची एकही काडी दिसत नव्हती.

"तीन दिवसांचा तर प्रश्न," ते म्हणाले.

सोमवार गेला. मंगळवार गेला. बुधवारी पौर्णिमा, कंपनीही गंगास्नानाला गेली असावी असे मानून त्यांनी धीर धरला. गुरुवारी सकाळपासून ते फोन मांडीवर घेऊन बसले, जणू तान्हे लेकरू. गोपिकाबाई दर तासाने आपल्या फोनवरून त्यांचा नंबर लावीत, आणि त्यातली बाई दर तासाने त्याच प्रेमळ स्वरात सांगे की हा फोन बंद आहे.

"गोड बोलते," रुपराव म्हणाले.

"गोडच बोलन. तिले कोनतं गाव जेवू घालाचं हाय!"

शुक्रवारी सकाळी दुकान उघडण्याआधीच ते शामलाच्या पायरीवर बसले होते. तिने यंत्रात पाहिले आणि तिचा तिखटपणा एकदम विरघळला.

"काका, अर्ज सोमवारीच परत आला."

"कोनापाशी?"

"तुमच्यापाशी. कोड जुळत नाही, असा मेसेज तुमच्या नंबरवर गेला."

"तो तर…"

"हो, तो तर तळ्यात." तिने कपाळ पुसले. "चूक माहीबी हाय. मी कोड फोनात पाहाले पाहिजे होता, आणि मंगळवारी एकदा यंत्र उघडाले पाहिजे होतं. तुम्ही देवाचा कागद दिला, मी डोळे मिटून टिपला."

"मग त्या दुसऱ्या कोडानं कर ना वं."

"त्याची मुदत काल संपली." ती समजावू लागली. "नवा कोड मागाले मेसेज जुन्या सिमवरूनच जाते. जुनं सिम नाही. म्हणून पह्यले जुन्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन त्याच नंबरचं दुसरं सिम काढा. ते चालू झालं की फोन वाजाले लागेल, पण चोवीस घंटे मेसेज बंद. आणि सात दिवस कोड मिळत नाही."

"सात दिवस काहून?"

"चोर लोक दुसऱ्याच्या नावानं सिम काढतात आणि नंबर घेऊन पळतात. म्हणून सरकारनं कुलूप लावलं."

"मी चोर दिसतो तुले?"

"नाही जी. पण कुलूप चेहरा पाहत नाही."

सात दिवस, मग कोड, मग तीन कामाचे दिवस. रुपरावांना आकडे कळले. पण त्यांच्या मनाला टोचत होते ते निराळेच. सोमवारपासून आज शुक्रवार. या पाच दिवसांत धोंडबांचा फोन आला असेल तर? आजवर उचलला गेला नाही असा तो पहिला फोन. गाव काय समजेल? आणि शब्द आल्यावाचून आपण जायचे नाही. बापाचा नियम मोडून सेवा राखावी, की नियम राखून सेवा मोडावी? संतांना असले पेच पडतात ते वैकुंठाच्या वाटेवर. रुपरावांना पडला तो मोबाइलच्या दुकानाच्या पायरीवर.

इकडे गावात काय घडले? सोमवारीच बैठक बसली होती. काला एकोणीस तारखेला ठरला. धोंडबांनी त्याच संध्याकाळी फोन लावला. बंद. मंगळवारी सात वेळा लावला. बंद. जो माणूस गंजावर चढून का होईना, पण दुसऱ्या घंटेला उचलतो, त्याचा फोन पाच दिवस बंद! शुक्रवारी पुन्हा बैठक बसली. शेवटी एक म्हातारा हळूच म्हणाला, "रुपराव गेले असतीन." आणि बोलता बोलता ते गावापुरते खरे झाले. दोन मिनिटे सारे उभे राहिले. मग ठरले की शनिवारी धोंडबांनी नागपुरास जाऊन घरच्यांना भेटावे, आणि संध्याकाळपर्यंत काही सोय न झाली तर रामटेकच्या भांडीवाल्यास सांगावे.

शनिवारी सकाळी धोंडबा पहिल्या बसने निघाले. वाटभर त्यांनी बोलायचे शब्द जुळवले. वखारीच्या दारात आले तो गोपिकाबाई कढया मोजत होत्या, आणि कपाळावर रुपयाएवढे लालभडक कुंकू. धोंडबा त्या कुंकवाकडे पाहातच राहिले. जुळवलेले शब्द कुठल्या कुठे गेले.

"वहिनी… भाऊ?"

"कंपनीच्या लायनीत उभे हायेत. सकाळपासून. बसा ना, चहा ठेवते."

धोंडबा पालथ्या गंजावर बसले आणि रडू लागले. गोपिकाबाई घाबरल्या. हुंदके आवरत त्यांनी सांगितले की काल गावाने दोन मिनिटे उभे राहून रुपरावांना निरोप दिला आहे.

"दोनच मिनिटं?" गोपिकाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, आता त्यांनाही हसू आणि रडू एकदमच आले होते. "इथं सात दिवसांचं कुलूप लागलं, आणि तुम्ही दोन मिनिटांत मोकळे!"

इतक्यात रुपराव आले. हातात जुन्याच कंपनीचे नवे सिम, चेहऱ्यावर आठवड्याची काजळी. दारात धोंडबा दिसले. दोघे एकमेकांकडे पाहत उभे. एकाला वाटे, हा मेलेला परतला. दुसऱ्याला वाटे, हा हरवलेला सापडला. मग काय झाले ते मी वर्णावे असे नाही. दोन म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि तांब्यांची एक उतरंड धक्का लागून कोसळली. अख्ख्या गल्लीला तो टाळांचा गजर ऐकू आला.

"फोन काहून बंद ठेवला गा?" धोंडबांनी विचारले.

रुपरावांनी सगळे सांगितले. कोड, मुहूर्त, कागद, तळे. एकही चूक लपवली नाही. धोंडबा ऐकता ऐकता हसायला लागले ते थांबेनात.

"म्हंजे तू मेला नाही; तुह्या सिमनं जलसमाधी घेतली."

"हास तू. पण आता सांग, शब्द आणला का?"

धोंडबा एकदम गंभीर झाले. टोपी सारखी केली, उठून उभे राहिले, आणि सुतकाला म्हणून आलेला तो माणूस गावाच्या वतीने हात जोडून बोलला, "एकोणीस तारखेले काला हाय. दोन हजार पान. गावानं बोलावलं हाय, रुपराव. भांडे घेऊन या."

रुपरावांनी वाकून जमिनीला हात लावला. सेवा वाचली, नियमही वाचला. फोनवर शब्द आला असता तर तो कानापर्यंत आला असता. हा उंबऱ्यापर्यंत चालत आला.

पुढचे सारे शामलाच्या हुकुमाप्रमाणे झाले. कुलपाचे सात दिवस गेले, पुढच्या रविवारी सोळा तारखेला मेसेज गेला, आणि या खेपेला पंचांग गोपिकाबाईंनी कुलूपबंद केले होते. शामलाने कोड फोनात पाहून, दोनदा वाचून घातला. दुसरा नंबर गोपिकाबाईंचा लिहिला. नवे सिम मागल्या खेपेचे चालेना, म्हणून आणखी एक दिले, आणि जुने फोनातच राहील अशी रुपरावांकडून तुळशीची शपथ घेतली. सोमवार, मंगळवार, बुधवार.

बुधवारी काला. सकाळीच गाडी गावात पोचली. दुपारी पंगती बसल्या. ओळीमागून ओळ, ताटामागून ताट, नामाचा गजर आणि वरणाची वाफ. रुपराव वाढण्यात दंग. कोणाच्या लक्षातही आले नाही की त्यांच्या खिशात जुन्या सिमची रेंज केव्हाच गेली होती. शेवटची पंगत उठल्यावर गोपिकाबाईंनी त्यांचा फोन काढून पाहिला आणि नवे सिम स्वतःच्या हाताने बसवले. थोड्या वेळाने काड्या उगवल्या. एक, दोन, तीन, चार. ज्याला तीन दिवस म्हणत होते ते काम तेविसाव्या दिवशी तडीस गेले.

धोंडबा हात पुसत आले. "पुढच्या वर्षीपासून फोनबिन नाही गा. मी सोताच येईन सांगाले. गावानं ठरवलं हाय."

रुपरावांनी फोनच्या चार काड्यांकडे ममतेने पाहिले.

"ये ना बाप्पा. जरूर ये. पण निघाच्या अगोदर एक फोनबी कर. तेवीस दिवस लागले त्याले."